चार दिवसांत दुखणं थांबलं, तरी चौदा दिवस गोळ्या का?

प्रश्न: माझं वय २४, लग्नाला दीड वर्ष झालं. आठ दिवस ओटीपोटात दुखत होतं, अंगावरून पिवळसर जात होतं. डॉक्टरांनी तपासून पिशवीला सूज आहे, पीआयडी म्हणजे गर्भाशय आणि नलिकांचा जंतुसंसर्ग आहे असं सांगितलं. एक इंजेक्शन दिलं आणि दोन प्रकारच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी दिल्या. चार दिवसांत दुखणं थांबलं, पण गोळ्यांनी खूप मळमळतं. आता बंद करू का? नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितलंय, पण त्याला काहीच त्रास नाही, तो नको म्हणतो. आम्हाला मूल हवंय, पुढे अडचण येईल का?

उत्तर: गोळ्या बंद करू नका, चौदा दिवस पूर्ण करा. मळमळीवर उपाय आहे, तो पुढे सांगते. नवऱ्याला त्रास नसला तरी त्याने याच आठवड्यात औषध घ्यायला हवं, आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवू नका. मुलाबद्दल सांगायचं तर, हा आजार पहिल्यांदाच झालेल्या आणि पूर्ण उपचार घेतलेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे मूल होतं. धोका खरा वाढतो तो आजार परत झाला की. तो परत होऊ नये, हे बऱ्याच अंशी तुमच्या उरलेल्या दहा दिवसांवर आणि नवऱ्याच्या उपचारावर अवलंबून आहे.

या आजारात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गर्भनलिकांची. जंतू योनीमार्गातून गर्भाशयाच्या तोंडाशी येतात, तिथून आत चढतात आणि गर्भाशयातून दोन्ही बाजूंच्या नलिकांत पोहोचतात. या नलिका आतून फार नाजूक असतात. त्यांच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, वाऱ्यावर भाताचं शेत लवावं तसे ते एका दिशेने हलत राहतात आणि स्त्रीबीजाला गर्भाशयाकडे ढकलतात. संबंधांतून पसरणाऱ्या जंतूंपैकी गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे दोन इथे महत्त्वाचे. गोनोरियाचे जंतू या तंतूंच्या पेशी मारतात. क्लॅमिडियाचं वागणं वेगळं असतं. तो पेशीच्या आत शिरून राहतो, दोन-तीन दिवसांत तिथे वाढतो, ती पेशी फोडून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींत शिरतो. शरीर त्याच्याशी लढतं आणि त्या लढाईतच अस्तराला व्रण पडतात. नलिकेचं टोक, जिथे ती स्त्रीबीज उचलते, ते चिकटून बंद होऊ शकतं आणि मग आत पाणी साचून नलिका फुगते. कधी नलिका पूर्ण बंद होत नाही, पण आतले तंतू गेलेले असतात. मग गर्भ वाटेतच अडकतो आणि नलिकेतच वाढायला लागतो.

औषधाने जंतू मरतात, पडलेला व्रण मात्र मागे फिरत नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो. स्वीडनमधल्या लुंड शहरात या आजाराच्या स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. १९९३ साली तिथल्याच माहितीवरून असं दिसलं की त्रास सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचाराला आलेल्यांपैकी साधारण ८ टक्के स्त्रियांना पुढे वंध्यत्वाची किंवा नलिकेतल्या गर्भाची अडचण आली. त्याहून उशिरा आलेल्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच शहरातला दुसरा निष्कर्ष तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. नलिका खराब झाल्यामुळे मूल न होण्याचं प्रमाण एकदा आजार झालेल्यांत सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांत सुमारे २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत सुमारे ४० टक्के निघालं. प्रत्येक नव्या वेळेला धोका दुपटीच्या घरात जातो. तुम्ही आठव्या दिवशी गेलात. लवकर गेला असतात तर बरं झालं असतं, पण जे दिवस गेले त्यांचा विचार करत बसू नका. दुसरी वेळ टाळणं अजून बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

आता गोळ्या. तुम्हाला बहुधा सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन, आणि डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल या गोळ्या दिल्या असतील. एवढी औषधं एकाच वेळी का, असं बऱ्याच जणी विचारतात. कारण हा आजार सहसा एका जंतूचा नसतो, त्यात तीन प्रकारचे जंतू असू शकतात आणि तिन्ही प्रकारच्या जंतूंना मारणारं एक औषध नाही. सेफ्ट्रायॅक्सोन गोनोरियावर चालतं, कमरेत एकदाच ५०० मिलिग्रॅम दिलं की पुरतं. क्लॅमिडिया पेशीच्या आत असल्यामुळे हे इंजेक्शन त्याचं काही करू शकत नाही, त्यासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. तिसरा गट म्हणजे प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू. ते योनीमार्गात कमीअधिक असतातच, पण वाट मिळाली की वर चढतात आणि नलिकेत पू करण्यात त्यांचा मोठा हात असतो. त्यांच्यासाठी मेट्रोनिडॅझोल, आपल्याकडे ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. पूर्वी हे तिसरं औषध द्यावं की नाही यावर मतभेद होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्यांच्या ओटीपोटातली दुखरी जागा महिन्याभराने कमी आढळली आणि गर्भाशयाच्या अस्तरातले ते जंतूही कमी झालेले दिसले. तेव्हापासून मी ते सरसकट देते.

दुखणं चार दिवसांत थांबलं याचा अर्थ औषध लागू पडतंय. जंतू संपलेत असा त्याचा अर्थ होत नाही. सूज उतरली की दुखणं जातं आणि ते लवकर जातं. क्लॅमिडिया मात्र पेशींच्या आत टप्प्याटप्प्याने वाढणारा जंतू आहे, तो अर्ध्या कोर्सनंतर शिल्लक राहू शकतो, आणि शिल्लक राहिला तर महिनोन्महिने काहीही न दुखवता नलिकेत व्रण करत राहतो. म्हणून या आजारात 'बरं वाटलं' ही गोळ्या थांबवण्याची खूण धरायची नाही.

मळमळ बहुतेक मेट्रोनिडॅझोलची असते, डॉक्सिसायक्लिनचीही असू शकते. दोन्ही गोळ्या जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी कधीच नको. तोंडाला धातूसारखी कडवट चव येईल, ती कोर्स संपला की जाते. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास आडव्या होऊ नका. रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळलेली ही गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत जबर जळजळ करते. अनेक जणी त्याला ॲसिडिटी समजून गोळीच सोडून देतात. रात्रीची गोळी झोपायच्या वेळी न घेता जेवणानंतर लगेच घ्या. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधं यांच्यात आणि या गोळीत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती पोटात नीट शोषली जात नाही. कडक उन्हात फार वेळ राहू नका, कातडी लवकर भाजते. एवढं करूनही उलट्या होत असतील तर डॉक्टरांना फोन करून उलटीची गोळी लिहून घ्या. गोळी घेतल्यानंतर लगेचच उलटी झाली तर तेही सांगा. उलट्या थांबतच नसतील तर औषध शिरेतून द्यावं लागतं, पण कोर्स सोडायचा नाही. तुमची गर्भचाचणी औषध सुरू करण्याआधी झाली होती ना, हेही विचारून घ्या. गरोदर स्त्रीला डॉक्सिसायक्लिन देत नाही आणि तिला या आजारासाठी भरती करूनच औषध देतो.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या 'इन्फेक्शनच्या' गोळ्यांची. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली गोळी पाच दिवस, हा त्यातला नेहमीचा प्रकार. आपल्या देशात गोनोरियाचे बहुतेक जंतू आता ऑफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना जुमानत नाहीत. त्या गोळीने दुखणं दबतं, पेशंट निर्धास्त होते, आणि तीन दिवसांची ती मोलाची मुदत निघून जाते.

एका पेशंटची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बावीस वर्षांची मुलगी, नवरा टेम्पो घेऊन सुरतेच्या फेऱ्या करणारा. पाळी संपल्यावर दोन दिवसांनी ओटीपोटात दुखायला लागलं, लघवीला जळजळ नव्हती, तरी घराजवळच्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून तीन दिवस गोळ्या दिल्या. माझ्याकडे ती नवव्या दिवशी आली. ताप नव्हता, चालत आली, बोलताना हसत होती. आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड बोटाने जरासं हलवलं आणि तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली. दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखत होतं, गर्भाशयाच्या तोंडातून पिवळसर स्राव येत होता. सोनोग्राफी नॉर्मल होती. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाही, असं समजू नका. सुरुवातीला ती बहुतेक वेळा नॉर्मलच असते. तरुण स्त्रीला ओटीपोटात दुखतंय, दुसरं ठोस कारण दिसत नाही, आणि गर्भाशयाचं तोंड, गर्भाशय किंवा बाजूचा भाग दाबल्यावर दुखतो, एवढ्यावर औषध सुरू करायचं असतं. तपासणीचे रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं.

गर्भचाचणी निगेटिव्ह पाहून मी तिला तुमच्यासारखंच औषध दिलं. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. ही तिसऱ्या दिवसाची भेट मी कधी सोडत नाही, कारण तोवर फरक पडला नसेल तर एकतर निदान चुकलंय किंवा आत पू झालाय. तिला बराच आराम होता. क्लॅमिडियाची चाचणी पॉझिटिव्ह आली. नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली, ती तिने पर्समध्येच ठेवली. 'त्यांना कसं सांगू' हे तिने मला नंतर सांगितलं. दहाव्या दिवशी नवरा घरी आला, संबंध आले. तिने स्वतःचा कोर्स मात्र पूर्ण केला होता.

सहा आठवड्यांनी ती परत आली तेव्हा अंगात १०२ ताप होता आणि वाकून चालत होती. उजव्या बाजूला नलिका आणि बीजांडकोश एकमेकांना चिकटून पाच सेंटीमीटरची पुवाची गाठ झाली होती. भरती करून शिरेतून औषधं दिली. दोन दिवसांत ताप उतरला, म्हणून पू सुईने काढावा लागला नाही. यावेळी नवरा तिच्यासोबत वॉर्डात बसलेला होता. त्याची लघवी तपासली, क्लॅमिडिया पॉझिटिव्ह. त्याला एक दिवसही जळजळ झालेली नव्हती. दोघांचे उपचार झाले. पुढे वर्षभराने नलिकांच्या एक्स-रेमध्ये उजवी नलिका बंद आणि डावी मोकळी दिसली. त्यानंतर तिला दिवस गेले आणि सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयात आहे हे पाहून घेतलं. तिला आज मुलगी आहे. पण ती उजवी नलिका वाचवता आली असती.

तुमचे यजमान 'त्रास नाही' म्हणतात ते खरंच असणार. पुरुषांत क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही, गोनोरियाही कधीकधी नाही. त्रास नसणं हा जंतू नसल्याचा पुरावा होत नाही. त्यांना समजावताना तीन गोष्टी सांगा. पहिली, या आजारात बऱ्याच स्त्रियांच्या तपासणीत गोनोरिया आणि क्लॅमिडिया दोन्ही सापडत नाहीत, योनीमार्गातलेच जंतू वर चढलेले असतात. म्हणजे पीआयडी झाला याचा अर्थ कुणी बाहेर गेलं असा होत नाही. दुसरी, क्लॅमिडिया सापडला तरी तो महिनोन्महिने, कधी त्याहूनही जास्त काळ, गुपचूप राहतो. तो कुणाकडून कुणाला आणि कधी आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे तो वाद घालण्यात अर्थ नाही. तिसरी, त्यांनी औषध घेतलं नाही तर तुमचा कोर्स वाया जाऊ शकतो आणि नुकसान त्यांच्या शरीराचं न होता तुमच्या नलिकांचं होईल. माझा अनुभव असा की नवऱ्याला ओपीडीत समोर बसवून हे सांगितलं की बहुतेक जण तिथेच तयार होतात. बायकोने चिठ्ठी हातात दिली की तिला आधी 'का' याचं उत्तर द्यावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. म्हणून त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे जा.

जिच्यावर उपचार चालू आहेत तिचा त्रास सुरू होण्यापूर्वीच्या साठ दिवसांत जो कुणी जोडीदार असेल, त्या प्रत्येकाला औषध द्यायचं असतं. साठ दिवसांत कुणीच नसेल तर सगळ्यात अलीकडच्या जोडीदाराला. हे लग्न न झालेल्या मुलींनाही तितकंच लागू आहे, आणि त्यांच्याशी बोलताना डॉक्टरांनी दार बंद करून, आई-वडिलांना बाहेर बसवून बोलायला हवं. नाहीतर खरी माहिती मिळतच नाही. पुरुषाला चौदा दिवसांचा कोर्स लागत नाही. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम असा एकदाच घ्यायचा डोस असतो, सरकारी रुग्णालयात त्याला करड्या रंगाचं किट म्हणतात. स्त्रीसाठी पिवळं किट असतं, त्यात इंजेक्शनऐवजी सेफिक्झिमची गोळी आणि बाकी दोन औषधं चौदा दिवसांची. जिल्हा रुग्णालयात लैंगिक आजारांसाठी जो दवाखाना असतो, त्याला सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तिथे ही किट मोफत मिळतात. शक्य असेल तिथे मी पुरुषाला सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन आणि सात दिवस डॉक्सिसायक्लिन देते, क्लॅमिडियावर ते जास्त भरवशाचं आहे. औषधाआधी त्यांची लघवी तपासायला देता आली तर उत्तम. त्यासाठी तासभर लघवी न करता पहिली धार पकडायची, मधली नव्हे. पण तपासणी होत नाही म्हणून औषध अडवून ठेवायचं नाही. डोस एकदाच घेतला असेल तर त्यानंतर सात दिवस, आणि तुमचा कोर्स संपून त्रास पूर्ण थांबेपर्यंत, दोन्हींपैकी जे उशिरा होईल तोवर संबंध नको. दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिससाठीची व्हीडीआरएल तपासणीही एकदा करून घ्या. या आजारासोबत ती करायचीच असते, त्यात संशयाचं काही नाही.

चौदा दिवसांच्या मध्ये ताप आला, उलट्यांनी गोळी टिकेना, दुखणं परत वाढलं, पोटात उजवीकडे वर, बरगड्यांखाली श्वास घेताना दुखायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बरगड्यांखालचं हे दुखणं पित्ताशयाचं समजलं जातं, पण हाच संसर्ग यकृताच्या आवरणापर्यंत पोहोचला की तसं होतं. आणि पूर्ण कोर्स नीट होऊनही महिन्याभरात बारीक दुखणं, पाळी कमी होणं, वजन उतरणं असं काही दिसलं तर प्रतिजैविकांचा दुसरा कोर्स मागू नका, क्षयरोगाची तपासणी मागा. आपल्याकडे गर्भनलिका खराब होण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि या गोळ्यांना तो दाद देत नाही.

गोनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडला असेल तर तीन महिन्यांनी परत तपासणी करा, तेव्हा काही दुखत नसलं तरी. दोघांचे उपचार पूर्ण झाले की मुलासाठी प्रयत्न सुरू करायला हरकत नाही. आत्ताच नलिकांचा एक्स-रे करायची गरज नाही, उलट ताज्या संसर्गात तो करूच नये, जंतू वर ढकलले जातात. सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर मात्र वर्षभर थांबू नका, तेव्हा नलिका तपासून घ्या आणि आधी पीआयडी झाला होता हे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि पाळी चुकली की चाचणी करून सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. त्याआधी एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ गेली किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. गर्भ नलिकेत असेल तर ती फुटायच्या आत हातात थोडाच वेळ असतो.